गोडाऊनमध्ये पोती किती बसतात: नंदगडच्या एका दुकानदाराचा हिशेब

प्रश्न: माझं तांदूळ आणि पशुखाद्याचं दुकान आहे, आता नवीन गोडाऊन घेतोय. लांबी, रुंदी, उंची गुणून एका पोत्याच्या मापानं भागलं की किती पोती बसतील ते कळतं, असं मला वाटत होतं. पण हमाल सांगतो तो आकडा माझ्या आकड्याच्या निम्माही नाही. बरोबर कोण?

उत्तर:

हमाल बरोबर आहे. तुमचा गुणाकारही चुकलेला नाही, पण त्यातून कळते ती गोडाऊनमधली हवा किती ते. पोती किती ते त्यातून कळत नाही. बेळगावच्या रविवार पेठेत तांदळाच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली पहिली बारा दुसऱ्याच्या गोदामावर दिवाणजी म्हणून. तेव्हा नुसतं सूत्र सांगण्यापेक्षा माझ्या भाच्यानं हा हिशेब कसा शिकला ते सांगतो. त्याच्या गोडाऊनचे आकडे सरळ आहेत, तुम्हाला तुमचे आकडे त्यात घालून बघता येतील.

भाच्याचं दुकान खानापूर तालुक्यात नंदगडला आहे. वय तेव्हा चोवीस. वडिलांच्या मागे दुकान हातात आलं आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं रस्त्याकडेला पत्र्याचं गोडाऊन बांधलं. आतून ४० फूट लांब, २५ फूट रुंद, कैचीच्या खालच्या दांड्यापर्यंत उंची १४ फूट. शटर २५ फुटांच्या भिंतीत, बरोबर मधोमध. भाताची सुगी संपून गिरण्यांवर नवा तांदूळ सुरू झाला होता. एका गिरणीवाल्याला तीन हजार पोत्यांचा शब्द देऊन तो इसाराचे पैसे घेऊन निघाला, आणि वाटेत माझ्याकडे चहाला थांबला.

"तीन हजार ठेवणार कुठं रे?" मी विचारलं.

"मामा, पावणेसहा हजार बसतात की. तीन म्हणजे निम्मंच झालं."

त्यानं वहीचं पान पुढे केलं. ४० गुणिले २५ गुणिले १४ म्हणजे १४,००० घनफूट. पोतं ३० इंच लांब, २० इंच रुंद, ७ इंच जाड, म्हणजे सुमारे २.४३ घनफूट. भागाकार ५,७६० च्या आसपास. एकही चूक नाही. मी त्याला म्हटलं, इसार आज देऊ नकोस, आधी गोडाऊनवर जाऊ. जाताना सोबत हमालांच्या मुकादमाला घेतलं. हा मुकादम कन्नड बोलणारा, पोत्याला तो 'चीला' म्हणतो. आमच्या भागात गोदामातली मोजणी निम्मी मराठीत आणि निम्मी कन्नडमध्ये चालते, त्यात कुणाला काही वाटत नाही.

सुरुवात पोत्याच्या मापापासून करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भाच्याचं हे माप बरोबर होतं, पण ते योगायोगानं. त्यानं दुकानात आधीच लागलेल्या थप्पीला टेप लावली होती. बहुतेक लोक फरशीवर एकटं पडलेलं पोतं मोजतात आणि तिथंच फसतात. एकटं पोतं फुगीर असतं. मधे त्याची जाडी आठ-नऊ इंच भरते, कडांना चार. त्याच पोत्यावर पाच-सहा पोती आली की आतला तांदूळ सरकून कोपऱ्यांत जातो, पोट बसतं आणि जाडी सातावर येते. काही जण रिकामं बारदान मोजतात, ते तर अजून चुकीचं. ५० किलोचं तागाचं बारदान रिकामं असताना साधारण ९४ बाय ५७ सेंटिमीटर असतं, म्हणजे ३७ बाय साडेबावीस इंच. भरल्यावर त्यातली बरीच लांबी-रुंदी पोत्याच्या जाडीत जाते, काही तोंडाच्या शिवणीत जाते, आणि हाताला लागतं ते ३० बाय २०.

तुमच्याकडे लागलेली थप्पी नसेल तर एक छोटी लावून घ्या. तीन पोती शेजारी-शेजारी ठेवा, लांबी तुमच्याकडे करून. त्यांच्या डोक्याशी दोन पोती आडवी, एकापुढे एक. हे पाचाचं घर झालं. तीन पोत्यांच्या रुंदी मिळून ६० इंच, दोन पोत्यांच्या लांबी मिळूनही ६० इंच, त्यामुळे चौकोन नीट जमतो. दुसऱ्या बाजूला ३० आणि २० मिळून ५० इंच. असे सहा थर चढवा आणि रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी उंची मोजून सहाने भागा. भाच्याच्या तांदळाला ४२ इंच आले, म्हणजे थराला ७ इंच. तुमच्याकडे पशुखाद्य असेल तर त्याचं वेगळं घर लावून वेगळं मोजा. ५० किलो वजन सारखं असलं तरी हलका माल जास्त जागा खातो. आमच्याकडे तर भात आणि तांदूळ यांतच हा फरक दिसतो. तुसासकट भाताचं ५० किलोचं पोतं तांदळाच्या पोत्यापेक्षा बरंच मोठं होतं.

आता गोडाऊन. मुकादमानं आत पाऊल टाकल्यावर पहिलं काम केलं ते खडू मागण्याचं. चारी भिंतींपासून दोन-दोन फुटांवर त्यानं फरशीवर रेघ ओढायला सुरुवात केली. भाच्याचा जीव वरखाली व्हायला लागला.

"अण्णा, एवढी जागा फुकट घालवायची?"

मुकादम काही बोलला नाही, रेघ पुरी करत राहिला. उत्तर मी दिलं, कारण ही जागा फुकट नसते हे मी पैसे मोजून शिकलो आहे. दिवाणजी असताना एका पावसाळ्यात मालकाच्या आग्रहाखातर आम्ही पश्चिमेच्या भिंतीला टेकून पोती लावली. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. घाटमाथा जवळ, जूनमध्ये लागला की भिंती ऑगस्टपर्यंत सुकत नाहीत. गणपतीच्या सुमारास थप्पी उतरवली तेव्हा भिंतीकडची सगळी रांग आतून काळी पडली होती. पुढून बघताना एकही पोतं ओलं दिसत नव्हतं. ओल भिंतीतून येते, आणि भिंतीकडची बाजू तर तुम्हाला दिसतच नाही. दोन फुटांची वाट असली की माणूस मागे जाऊ शकतो, पोत्याला हात लावून बघू शकतो, उंदराची बिळं शोधू शकतो. पोरकिडा किंवा सोंडेकिडा लागला तर धुरी देताना थप्पीवर ताडपत्री टाकून तिच्या कडा चारी बाजूंनी फरशीवर दाबाव्या लागतात. भिंतीला टेकलेल्या थप्पीला ते करताच येत नाही.

तर लांबी-रुंदीचा हिशेब असा झाला. मागच्या भिंतीपासून २ फूट सोडले. शटरच्या बाजूला मात्र २ नाही, ६ फूट सोडले, कारण तिथं वजनकाटा येतो, गाडीतून उतरलेली पोती टेकवावी लागतात, आणि पावसाचं तुषार शटरखालून आत येतं. ४० मधून ८ गेले, उरले ३२ फूट. रुंदीत दोन्ही भिंतींपासून दोन-दोन, म्हणजे २५ मधून ४ गेले, उरले २१ फूट.

या ३२ बाय २१ मध्ये एकच मोठी थप्पी लावावी असं भाच्याचं म्हणणं पडलं. हिशेबानं एका थरात १६० च्या आसपास पोती बसली असती, आणि आकडा बघून कुणालाही मोह होतो. पण विचार करा, शटर समोर आहे. तुम्ही काढणार पुढून आणि नवा माल येणार तोही पुढूनच लागणार. सुगीला आलेली पोती मागे दबून राहतात, ती हाताला लागतात पुढच्या पावसाळ्यात. तांदूळ जुना झाला तर भाव चढतो हे खरं, पण तो जुना करायचा तर मुद्दाम, राखून आणि बघत बघत. विसरलेल्या कोपऱ्यात तो जुना होत नाही, त्याला कीड लागते. भाच्याला हे लगेच पटलं नाही. मुकादमानं त्याला एवढंच विचारलं, "मागचा चीला पाहिजे झाला, तर कुठून आणू?" त्यावर तो गप्प झाला.

म्हणून शटरपासून सरळ मागपर्यंत मधली वाट ठेवायची आणि दोन्ही बाजूंना थप्प्या लावायच्या असं ठरलं. मधल्या वाटेला ५ फूट पाहिजेत हा माझा आग्रह होता. पाठीवर पोतं घेऊन जाणारा आणि रिकामा परत येणारा असे दोन हमाल त्यात न थांबता जातात. २१ मधून ५ गेले, १६ उरले, दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट. आणि इथं एक गोष्ट झाली जी वहीतल्या गुणाकारात कधीच दिसत नाही.

पोतं अर्धं कापता येत नाही. आठ फूट म्हणजे ९६ इंच. त्या रुंदीत पोत्यांच्या ओळी बसवायच्या तर प्रत्येक ओळ एकतर ३० इंच खोल असते, म्हणजे पोत्याची लांबी आत केलेली, किंवा २० इंच, म्हणजे पोतं आडवं टाकलेलं. तीस आणि वीस मिळवून ९६ होत नाहीत. ९० होतात किंवा १०० होतात. ९० घेतले तर तीन ओळी तीसच्या, किंवा एक तीसची आणि तीन वीसच्या. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच रिकामे राहतात आणि शेवटी एक फूट वाया जातो. १०० घेतले, म्हणजे ८ फूट ४ इंच, तर दोन तीसच्या आणि दोन वीसच्या ओळी अगदी चपखल बसतात, पण मधली वाट ५ फुटांवरून ४ फूट ४ इंचांवर येते.

भाच्यानं माझ्याकडे बघितलं, मी मुकादमाकडे. मुकादम वाटेत उभा राहिला, हात कमरेवर ठेवून कोपरं दोन्हीकडे फाकली, आणि म्हणाला की चालतंय, फक्त एका वेळी एकच हमाल आत जाईल. मी असतो तर वाट कमी केली नसती. पण रोज पोती वाहणारा तो आहे, आणि त्याला चालत असेल तर माझा पाच फुटांचा हट्ट सोडायला हरकत नव्हती. भिंतीकडचे दोन फूट मात्र मी इंचभर कमी करू दिले नसते.

लांबीत ३२ फूट होते. मधे २ फुटांची आडवी वाट ठेवून दोन्हीकडे पंधरा-पंधरा फुटांच्या थप्प्या केल्या. १५ फूट म्हणजे १८० इंच, त्यात २० चे ९ आणि ३० चे ६ भाग बरोबर पडतात. म्हणजे चार थप्प्या झाल्या, प्रत्येक १५ फूट बाय ८ फूट ४ इंच.

आता एका थरात किती पोती? लांबी आत केलेल्या ओळीत ९ पोती, आडव्या ओळीत ६. अशा दोन-दोन ओळी. नऊ, सहा, नऊ, सहा, एकूण ३० पोती. मुकादमानं भाच्याला पोती न आणता खडूनंच तीस चौकोन काढायला लावले. घाम निघाला त्याचा, पण नंतर त्याला तो आकडा कधी विचारावा लागला नाही. चार थप्प्या मिळून एका थरात १२० पोती.

प्रत्येक थरात ओळींचा क्रम बदलतो हेही तिथंच दाखवलं. खालच्या थरात नऊ-सहा-नऊ-सहा, तर वरच्यात सहा-सहा-नऊ-नऊ. असं केल्यानं खालच्या ओळींच्या मधल्या फटीवर वरचं पोतं येतं आणि बांध बसतो. विटांचा सांधा मोडतो तसाच हा. सगळे थर एकाच क्रमानं चढवले तरी पोती तेवढीच बसतात, पण मग ती एकमेकांना न धरलेल्या ओळी असतात आणि मधूनच थप्पी उघडते.

उंचीचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. १४ फूट उंची बघून भाच्यानं वर पत्र्यापर्यंत स्वप्न रचलं होतं. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी असते, आणि थंडीच्या पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला पाणी सुटून ते खाली ठिबकतं, म्हणून वर तीन फूट तरी मोकळे पाहिजेतच. खाली पाच इंचांच्या लाकडी फळ्या. फळ्यांशिवाय कुठलंच पोतं फरशीवर ठेवायचं नाही, सिमेंटची फरशी कितीही कोरडी दिसू द्या. या दोन गोष्टी सोडल्या तरी साडेदहा फूट उरतात, त्यात ७ इंचांचे १८ थर बसतात. मोठ्या सरकारी गोदामांत एवढे थर तुम्हाला दिसतीलही. पण तिथल्या थप्पीचा पाया ३० फूट बाय २० फूट अशा मापाचा असतो. आपला पाया ८ फूट ४ इंच.

माझा नियम साधा आहे, आणि छोट्या गोडाऊनला मी तो कधी मोडत नाही. फळ्यांपासून मोजलेली थप्पीची उंची तिच्या अरुंद बाजूपेक्षा जास्त नको. ८ फूट ४ इंच म्हणजे १०० इंच, त्याला ७ ने भागलं की १४ थर येतात, ९८ इंच. पंधरावा थर चढवला तर नियम मोडतो. ही मर्यादा तागाच्या पोत्यांची आहे. प्लॅस्टिकच्या विणलेल्या पिशव्या एकमेकींवरून घसरतात, त्यांना मी दहाच्या वर जाऊ देत नाही. सिमेंट ठेवणार असाल तर त्यालाही दहाच. तिथं कारण वेगळं, जास्त दाबाखाली खालच्या पिशव्यांत सिमेंटचे गठ्ठे होतात.

१२० गुणिले १४ म्हणजे १,६८० पोती. यातून अजून एक वजाबाकी आहे. दहा थरांनंतर हमाल फरशीवरून पोतं चढवू शकत नाही. त्याला घोडी लावून वर चढावं लागतं आणि वर पाय ठेवायला जागा लागते. म्हणून वाटेकडच्या पुढच्या कोपऱ्यातलं पाचाचं एक घर वरच्या चार थरांत मोकळं ठेवतात. चार गुणिले पाच, दर थप्पीला २० पोती कमी. ३० गुणिले १४ म्हणजे ४२०, वजा २०, एका थप्पीत ४०० पोती. चार थप्प्यांत १,६००.

भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. पावणेसहा हजारांतून सोळाशे, म्हणजे पाव हिश्श्यापेक्षा थोडंसंच जास्त. "बाकीची पोती गेली कुठं?" असं त्यानं खरोखरच विचारलं, आणि मला तो प्रश्न फार आवडला, कारण त्याचं उत्तर मोजून देता येतं. फरशी १,००० चौरस फूट. चार थप्प्यांखाली त्यातली ५०० आली. निम्मी पोती वाटांनी आणि भिंतीकडच्या पट्ट्यांनी घेतली. राहिलेल्या निम्म्या जागेत उंची १४ फुटांतली फक्त ८ फूट २ इंच वापरली, म्हणजे सुमारे ५८ टक्के. ५,७६० चे निम्मे २,८८०, त्याचे ५८ टक्के धरले की १,६८० च्या जवळ येता. वरची ८० त्या मोकळ्या कोपऱ्यांत. एकही पोतं हरवलेलं नाही.

तुम्हाला घाईत अंदाज हवा असेल तर यातूनच निघतो. फरशीच्या चौरस फुटांचे निम्मे करा, त्याला सव्वाचारानं भागा (३० बाय २० इंचांचं पोतं साधारण तेवढे चौरस फूट घेतं), आणि थरांनी गुणा. पण हा अंदाज भाच्याच्या मापाच्या किंवा त्याहून मोठ्या गोडाऊनलाच लागू पडतो. जागा लहान असली तरी वाटा लहान होत नाहीत. २० बाय १५ फुटांच्या खोलीत भिंतीकडचे दोन-दोन फूट, शटरपुढचे सहा आणि चार फुटांची वाट सोडली तर थप्पीला १२ बाय ७ फूट उरतात, म्हणजे ३०० चौरस फुटांतले ८४, तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तिथं निम्म्याचा अंदाज धरून माल मागवला तर गाडी दारात उभी राहील आणि पोती रस्त्यावर. म्हणून अंदाजानं फार तर जागा भाड्यानं घ्यायची की नाही ते ठरवा. माल मागवायचा तो खडूच्या रेघांवरून.

एक गोष्ट भाच्यानं विचारली नव्हती, ती मी तुम्हाला न विचारता सांगतो. चौदा पोत्यांची उभी रांग म्हणजे ७०० किलो, आणि ती सव्वाचार चौरस फुटांवर उभी असते. चौरस मीटरला हिशेब केला तर सुमारे १,८०० किलो. जमिनीवर मुरूम नीट धुमसून काँक्रीट केलेलं असेल तर हे वजन काहीच नाही. पण आमच्याकडे हल्ली रस्त्याकडेला खाली दुकान आणि वर माळा असं बांधून वर माल ठेवायची पद्धत पडत चालली आहे. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरून बांधतात. त्यावर चौदा थर म्हणजे नऊ पट. तुमचं नवीन गोडाऊन वरच्या मजल्यावर असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी बांधकामाच्या इंजिनिअरला विचारा. तिथं किती पोती बसतात यापेक्षा किती पेलतात ते महत्त्वाचं, आणि तो आकडा मी किंवा हमाल देऊ शकत नाही. जमिनीवरच्या फरशीतही नवीन भराव असेल तर पहिल्या वर्षी थप्पीखालची फरशी थोडी बसते आणि थप्पी एका अंगाला झुकते.

झुकलेली थप्पी ओळखायची कशी, तर गवंड्याचा ओळंबा चारी कोपऱ्यांवर सोडायचा. दोरी वर पोत्याला लागली आणि खाली फळीपासून चार-पाच बोटं लांब राहिली, म्हणजे वरचे थर बाहेर आलेत. दुसरी खूण म्हणजे पोट. मधल्या थरांतली पोती वाटेत डोकवायला लागतात, आणि दोन फुटांच्या वाटेतून काल सरळ जाणारा माणूस आज खांदा वळवून जातो. असं दिसलं की वरचे थर उतरवून दुसरीकडे लावा. खालचं पोतं ओढून थप्पी "बसवायला" कधी जाऊ नका, माणसं तिथंच सापडतात.

भाच्यानं त्या दिवशी गिरणीवाल्याला फोन केला. तीन हजारांचा सौदा बाराशेवर आणला, आणि तेही दोन खेपांत. सोळाशे बसत असताना बाराशेच का, तर चार थप्प्यांपैकी एक नेहमी मोकळी किंवा अर्धी ठेवायची असं मुकादमानं सुचवलं. एका थप्पीचा माल संपवायचा, तिची जागा झाडून, फळ्या उन्हात टाकून मग नवा माल तिथं लावायचा. चारही थप्प्या भरल्या असल्या आणि मधेच एखादी उतरवायची वेळ आली, तर ती उतरवणार कुठं? गोडाऊनमध्ये सोळाशे बसतात, पण चालवायचं ते बाराशेवर.

संक्रांतीच्या आसपास मी नंदगडला गेलो तेव्हा बँकेचा माणूस साठा बघायला आलेला होता. पूर्वी अशा वेळी भाचा दोन हमाल लावून पोती मोजायला बसायचा आणि निम्मा दिवस जायचा. या वेळी तो वाटेत उभा राहिला. पहिल्या दोन थप्प्या पूर्ण, कोपरा मोकळा, चारशे आणि चारशे. तिसरीचे थर त्यानं बोटानं मोजले, नऊ पूर्ण, म्हणजे २७०, आणि वरच्या दहाव्या थरात नऊची एक ओळ आणि सहाची एक ओळ शिल्लक, १५. एकूण १,०८५. बँकेच्या माणसानं पावत्यांशी ताडून बघितलं तर १,०८४ निघाली. भाचा घोडी लावून वर चढला आणि त्या सहाच्या ओळीत पाचच पोती होती, मधली एक जागा रिकामी. सकाळी गिऱ्हाईकाला दिलेलं पोतं दुकानातल्या पोऱ्यानं तिथून काढलं होतं.